गडगा सरकला की पत्र लिहा

समजा, कोकणात तुमची वीस गुंठ्यांची वडिलोपार्जित जागा आहे आणि तुम्ही मुंबईत राहता. मे २०१५मध्ये शेजाऱ्याने गडगा पुढे घेऊन तुमची दोन गुंठे जागा आत घेतली, त्यात आंब्याची कलमं लावली. दर गणपतीला तुम्ही ती पाहता, कुरकुरता आणि परत येता. सातबारा तुमच्याच नावावर आहे, म्हणून निर्धास्त असता.

हा निर्धास्तपणा महाग पडू शकतो. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे, दुसऱ्याने तुमची मालकी नाकारून उघडपणे घेतलेला ताबा सलग बारा वर्षं टिकला, तर जागा परत मागण्याचा दावा मुदतबाह्य होतो आणि तुमचा हक्कही संपतो. नुसतं बरीच वर्षं तिथे असणं मात्र पुरत नाही. ताबा कधीपासून आणि कसा विरोधी झाला, हे कब्जेदाराला सिद्ध करावं लागतं.

मग पत्राचा उपयोग काय? इथे अनेकांचा गैरसमज असतो: हरकतीच्या पत्राने बारा वर्षांची मोजणी थांबत नाही. ती थांबवायला मुदतीत दावाच लावावा लागतो. पण वडील वारल्यावर ‘त्यांनीच ही जागा तोंडी दिली होती’ असं म्हणायला शेजारी मोकळा असतो, आणि त्या वेळचं पत्र जवळ असेल तर अशा बोलण्याला उत्तर देता येतं. शिवाय पत्राला उत्तर येतं. ‘जागा तुमची आहे, पण कलमं काढेपर्यंत राहू द्या’ असं त्याने सहीनिशी लिहून दिलं, तर तुमची मालकी त्यानेच मान्य केली. परवानगीने असलेला ताबा विरोधी ठरत नाही. म्हणून राहू द्यायचं असेल तर मुदत घालून, दोघांच्या सह्यांचा कागद करावा.

पत्रात गट नंबर, क्षेत्र, कोणत्या बाजूचा गडगा, कधी सरकला आणि जागा कधीपर्यंत सोडावी हे लिहावं. सोबत तारखेचे फोटो ठेवावेत आणि पोच देणाऱ्या पोस्टाने पाठवून पावती जपावी.

किती वेळा, हे कायदा सांगत नाही. माझ्या मते पहिलं पत्र लक्षात येताच जावं, कारण जबरदस्तीने ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दिवाणी न्यायालयात गेलं, तर मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. पुढे वर्षातून एकदा लिहावं, आणि विहीर, भिंत किंवा सातबाऱ्यावर नवी नोंद दिसली तर लगेच. मात्र ‘तुम्ही मालक म्हणून राहताय’ असं चुकूनही लिहू नये. ते वाक्य त्याच्याच कामी येईल.

वरच्या उदाहरणात दावा मे २०२७च्या आत दाखल व्हायला हवा. सरकारी मोजणीला काही महिने लागू शकतात, म्हणून वकील आणि मोजणीचा अर्ज या दोन्हींची सोय २०२६मध्येच करावी.