रात्रभर चार्जिंगला, सकाळी ऐंशीच टक्के

रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावला आणि पहाटे उठून बघितलं तर आकडा ऐंशीवर. वायर नीट बसलेली, चार्जर कोमट, फोनही सुरळीत चालू. मग शंका सुरू होतात. चार्जर मंद पडला का? बॅटरी गेली का? कुणी नवी केबल आणतं, कुणी दुरुस्तीच्या दुकानात जातं. बऱ्याचदा बिघाड कशातच नसतो. फोनने मध्यरात्रीच चार्जिंग मुद्दाम थांबवलेलं असतं आणि उरलेले वीस टक्के मालक उठायच्या थोडं आधी भरायचं ठरवलेलं असतं. त्या दिवशी मालक त्याच्या अंदाजाआधी उठला, एवढंच.

आयफोनमध्ये ही सोय २०१९ साली आयओएस १३ बरोबर आली. सेटिंगमध्ये ती Optimized Battery Charging या नावाने दिसते. पुढच्याच वर्षी गूगलने पिक्सेल फोनमध्ये Adaptive Charging आणलं. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये Battery protection या सदराखाली Adaptive असा पर्याय असतो. नावं वेगळी असली तरी कल्पना एकच आहे. फोन ऐंशी टक्क्यांपर्यंत नेहमीच्या गतीने भरायचा, तिथे थांबवून ठेवायचा आणि सकाळी हातात घेण्याच्या सुमारास शंभरावर न्यायचा.

ऐंशीवर थांबण्याचं कारण बॅटरीच्या रसायनात आहे. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धन बाजूच्या धातू-ऑक्साइडमधून सुटतात आणि ऋण बाजूच्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. बॅटरी जशी भरत जाते तसं तिचं व्होल्टेज चढतं. आजच्या बऱ्याच फोनमध्ये शंभर टक्क्यांना ते ४.४ व्होल्टच्या आसपास असतं. या टोकाला धन बाजूतलं बरंचसं लिथियम निघून गेलेलं असतं आणि तो पदार्थ अस्थिर, फार क्रियाशील झालेला असतो. त्याला लागून असलेलं द्रावण हळूहळू विघटित होऊ लागतं. दुसरीकडे ग्राफाइटवरचा पातळ थर जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम पुन्हा वीज साठवायच्या कामी येत नाही. बॅटरीची क्षमता घटते ती अशी, आणि उष्णता मिळाली की हे सगळं आणखी वेगाने होतं.

म्हणजे बॅटरीला नुसतं शंभरापर्यंत भरण्यापेक्षा शंभरावर तासन्‌तास पडून राहणं जास्त महागात पडतं. रात्रीच्या चार्जिंगमध्ये नेमकं तेच होतं.

नाशिकमधल्या एका बँक कर्मचाऱ्याचं उदाहरण घेऊ. समजा, तो रात्री अकराला फोन लावतो तेव्हा आकडा पस्तीस असतो. सव्वाबाराच्या सुमारास फोन ऐंशीवर पोहोचतो. थांबण्याची सोय बंद असेल तर तो एकच्या आसपास शंभर टक्के होईल आणि सकाळी आठला वायर काढेपर्यंत तसाच पडून राहील. हे झाले सात तास. रोजचे सात तास धरले तर वर्षाचे अडीच हजारांहून जास्त तास होतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन महिने. वर्षातला एवढा काळ बॅटरी आपल्या सगळ्यांत त्रासदायक अवस्थेत असते आणि त्यातला एक मिनिटही तिच्या मालकाच्या उपयोगाचा नसतो, कारण तो झोपलेला असतो. सोय चालू असेल तर हाच फोन सव्वाबारापासून सकाळी साडेसहा-सातपर्यंत ऐंशीवर थांबतो. या काळात फोनला लागणारी वीज मुख्यतः चार्जरच पुरवतो आणि बॅटरी जवळजवळ निवांत असते. मग उरलेले वीस टक्के भरून आठच्या आधी शंभर होतात. शंभरावर पडून राहण्याचा वेळ सात तासांवरून काही मिनिटांवर येतो.

शेवटच्या वीस टक्क्यांसाठी तास-दीड तास हाताशी ठेवावा लागतो. सुरुवातीला चार्जर ठरावीक, जोरदार प्रवाह देतो. व्होल्टेज मर्यादेला टेकलं की ते तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत न्यावा लागतो. म्हणून तीसवरून पन्नासला जाताना जो वेग दिसतो, तो नव्वदनंतर दिसत नाही. पहाटे दहा मिनिटं वायर लावून ऐंशीचे शंभर होत नाहीत, ते यामुळेच.

आता फोनला कसं कळतं की हा माणूस आठला उठणार? आयफोन सवयी टिपतो. अ‍ॅपलच्या माहितीप्रमाणे शिकायला त्याला किमान चौदा दिवस लागतात, आणि एकाच ठिकाणी पाच तास किंवा जास्त वेळ चाललेली किमान नऊ चार्जिंग झाल्याशिवाय ही सोय कामाला लागत नाही. घर किंवा ऑफिससारख्या नेहमीच्या जागीच ती चालते, त्यामुळे लोकेशनची परवानगी बंद असेल तर गप्प राहते. लग्नाला गावी गेलं की फोन पहिल्याच रात्री शंभर होतो आणि परत आल्यावर पुन्हा ऐंशीला अडतो, त्यामागे हेच कारण. पिक्सेलने सुरुवातीला सरळ अलार्मचा आधार घेतला होता. रात्री नऊनंतर फोन लावला आणि सकाळी पाच ते दहाच्या दरम्यानचा अलार्म असला तरच ही सोय चालू व्हायची. पुढे त्यातही सवयी शिकण्याची भर पडली.

अडचण होते ती सवय मोडली की. आपल्या बँक कर्मचाऱ्याला एके दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचं आहे. पहाटे पावणेसहाला त्याने फोन उचलला. फोनच्या हिशेबात अजून दोन तास बाकी होते, वरचे वीस टक्के भरायला सुरुवातही झाली नव्हती. साहजिकच आकडा ऐंशी. चार हजार मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असेल तर त्यातले बत्तीसशे हाती आले. दिवसभर मॅप, तिकीट, फोन, पैसे देणं, सगळं त्यावरच. ज्या दिवशी पूर्ण भरलेला फोन सगळ्यांत जास्त हवा असतो, नेमक्या त्याच दिवशी तो मिळत नाही. ही या सोयीची खरी उणीव आहे आणि लोकांची चिडचिड रास्त आहे.

आपल्याकडे आणखी दोन कारणांची भर पडते. एक म्हणजे वीज जाणं. पहाटे चार ते सात या वेळात लाइट गेली तर फोनचा राखून ठेवलेला तास वाया जातो. इन्व्हर्टर असला तरी अनेक घरांत तो दिवे-पंख्यांपुरताच जोडलेला असतो. दुसरं कारण म्हणजे भिंतीवरचं बटण. आपल्या सॉकेटला स्विच असतो आणि घरातलं सगळ्यांत आधी उठणारं माणूस पाण्याची मोटर लावता लावता तो बंद करतं. ‘रात्रभर लावलाय, झाला असेल’ हा त्यामागचा विचार. पूर्वी तो बरोबरही होता. आता तसं केलं की फोन ऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरला उतरतो आणि मालकाला वाटतं बॅटरी बसली. गंमत अशी की वायर काढली काय किंवा बटण बंद केलं काय, फोनला फरक कळत नाही, त्याला वीज थांबल्याचं तेवढं समजतं. त्यामुळे बटण रोज ठरल्या वेळी बंद होत असेल, तर काही आठवड्यांत फोनही त्याआधी भरायला शिकू शकतो. कधी पाचला, कधी सातला असं झालं तर मात्र अंदाज चुकतच राहतो.

थांबवलेलं चार्जिंग आणि खरा बिघाड यांतला फरक ओळखणं अवघड नाही. आयफोन ऐंशीवर थांबला असेल तर लॉक स्क्रीनवर चार्जिंग किती वाजता पूर्ण होणार याची सूचना असते. ती दाबून धरली की Charge Now असा पर्याय येतो. तो निवडला की त्या रात्रीपुरतं थांबणं रद्द होतं. पहाटेची गाडी असेल तर झोपण्यापूर्वी हे करून ठेवावं, किंवा सेटिंगमधून सोय तेवढ्यापुरती बंद करावी. बॅटरीच्या सेटिंगमधला आलेखही बोलका असतो. रेघ झपाट्याने ऐंशीवर चढून तिथे तासन्‌तास सपाट दिसली, तर फोन मुद्दाम थांबला आहे. रेघ रात्रभर हळूहळू चढत सकाळी त्रेसष्टवर संपली, तर चार्जर, केबल किंवा सॉकेट तपासावं.

ऐंशीचा आकडा रोज आणि दिवसाही दिसत असेल तर एक वेगळी शक्यता आहे. नव्या फोनमध्ये कायमची मर्यादा घालता येते. आयफोन १५ पासून ऐंशी टक्क्यांची मर्यादा मिळते आणि आयओएस १८ पासून ती ऐंशी ते शंभरच्या दरम्यान पाच-पाचच्या टप्प्यांनी ठरवता येते. सॅमसंगमध्ये Maximum निवडलं की फोन ठरलेल्या मर्यादेवर थांबतो तो थांबतोच. नवा फोन लावून देताना कुणीतरी हे चालू केलेलं असतं आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

उन्हाळ्यात उष्णतेचीही भर पडते. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार फोनभोवतीची हवा पस्तीस अंशांच्या वर गेली तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, आणि बॅटरी तापली की फोन ऐंशीच्या पुढचं चार्जिंग स्वतःहून रोखू शकतो. विदर्भात मे महिन्याच्या रात्री खोलीचं तापमान तिशीच्या आसपास रेंगाळतं. त्यात फोन उशीखाली किंवा जाड कव्हरमध्ये चार्जिंगला असेल तर तो पहाटेपर्यंत अडून राहणं शक्य आहे. कव्हर काढून फोन उघड्या टेबलावर ठेवल्यावर फरक पडला, तर कारण उष्णताच होतं.

एवढं सोसून मिळतं काय, हेही पाहायला हवं. पूर्वीच्या आयफोनची बॅटरी पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर मूळच्या ऐंशी टक्के क्षमता राखेल अशी बांधलेली असते, आयफोन १५ पासून हा आकडा एक हजार झाला. चार हजारांची बॅटरी झिजून ऐंशी टक्क्यांवर आली की तिचे ‘शंभर टक्के’ म्हणजेही बत्तीसशेच. पंचवटीच्या दिवशी नाशिकच्या त्या माणसाला एकदा मिळाले तेवढेच, पण आता रोजचे आणि कायमचे, Charge Now दाबूनही न वाढणारे.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना, म्हणजे आज दिवसपाळी तर परवा रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना किंवा एसटीच्या चालक-वाहकांना, या अंदाजावर विसंबण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी नव्वदची पक्की मर्यादा जास्त सोयीची, कारण मग उठायची वेळ कुठलीही असो, आकडा ठरलेला राहतो. अशी मर्यादा घातलेला फोनही मधूनच एखाद्या दिवशी शंभरावर गेलेला दिसेल. बॅटरीत नेमकी किती वीज उरली आहे याचा अंदाज अचूक राहावा म्हणून फोन तसं करतो, त्यासाठी सेटिंग बदलण्याची गरज नसते.