उरलेला भात आणि फ्रिज

बीड जिल्ह्यात वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत दुपारचा उरलेला भात निवावा म्हणून पातेल्यातच संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहतो आणि मग फ्रिजमध्ये जातो. तोवर उशीर झालेला असतो. तांदळातील ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ती रुजतात व विष सोडतात. वांती आणणारे हे विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही, आणि वासावरून ते ओळखूही येत नाही.

गरम भात फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही. मात्र भरलेले पातेले तसेच ठेवू नये. त्याचा मध्यभाग कित्येक तास कोमटच राहतो, व शेजारच्या दुधालाही ऊब लागते. भात परातीत दोन बोटे जाडीचा पसरावा, आणि वाफ ओसरताच उथळ डब्यांत भरून, शिजल्यापासून तासाभरात, फ्रिजमध्ये ठेवावा. वरणाचे पातेले थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळावे. फ्रिजमधील तापमान ५ अंशांखाली असल्यास भात एक दिवस, वरण व भाजी तीन दिवस चालते. वीज चार तासांहून अधिक वेळ गेल्यास मात्र हा हिशेब धरू नये. उरलेले अन्न टाकून द्यावे.