डावं चाक आणि मिरचीचा हंगाम

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या पिंपळगाव रेणुकाईला पावसाळ्यात हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. त्या दिवसांत पिकअप गाड्यांना उसंत नसते. शेजारच्या एका पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकानं गेल्या हंगामात जे केलं, ते आता ओळीनं आठवलं की प्रत्येक खूण वेळेवर मिळत होती असं दिसतं.

हंगामाच्या तोंडावर ब्रेक पॅड बदलले होते. थोड्याच दिवसांत अॅव्हरेज घटलं. दोष लोडवर गेला. मग ब्रेक न दाबताही गाडी डावीकडे ओढू लागली. अलाइनमेंट झालं, ओढणं तसंच राहिलं. न्यूट्रल केलं की गाडी पूर्वीपेक्षा लवकर थांबायची, हे ड्रायव्हर बोलून दाखवायचा. पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

खरी गंमत टायरची. अडकलेले पॅड डिस्कला घासत राहतात, ती उष्णता हबमधून रिममध्ये आणि तिथून टायरमधल्या हवेत जाते. ५० पौंड हवा ३० अंशांनी तापली की साधारण ६ पौंड वाढते. पंक्चरवाल्यानं गरम टायरची ही ‘जास्तीची’ हवा सोडली. टायर थंड झाल्यावर हवा कमी पडली. कमी हवेवर दोन्ही कडा घासत गेल्या, मधली नक्षी मात्र शाबूत. उजवा टायर चांगला होता.

जळगावकडे जाताना अजिंठ्याचा घाट उतरला की पुढची दोन्ही चाकं तापतात, वास येतो. त्यात नवल नाही. इथे मात्र सपाट रस्त्यावरही वास यायचा, तोही एकाच बाजूनं. अखेर ड्रायव्हरनं फारसा ब्रेक न मारता गाडी उभी केली आणि रिमला न टेकवता हाताची मागची बाजू जवळ नेली. उजवं कोमट, डावीकडे हात थांबेना.

जॅकवर चाक हातानं फिरेना. मेकॅनिकनं कॅलिपरचा ब्लीडर नट किंचित सैल केला. तेवढ्यानं चाक सुटलं असतं तर आत दाब अडकलाय, म्हणजे होज पाईप आतून फुगलाय किंवा मास्टर सिलिंडरमध्ये बिघाड आहे, असं ठरलं असतं. चाक सुटलं नाही, अडचण कॅलिपरमध्येच. उघडल्यावर पिस्टन ठीक निघाला, पण गाईड पिन जागच्या हलेनात. पॅड बदलताना त्यांना साधं चेसिसचं ग्रीस लावलं होतं. त्यानं रबर फुगतं आणि पिन आवळली जाते. रबरासह नवा पिन सेट, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस आणि नवे पॅड एवढ्यात काम झालं. टायर मात्र गेला.

चाक असं तापलेलं आढळलं तर त्यावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. आणि पेडल मऊ लागलं तर ब्रेक ऑइल उकळलेलं असू शकतं. तिथून गाडी पुढे नेऊ नका.