‘उद्या दुपारनंतर गिरणी बंद’

२०२४च्या दिवाळीत आमच्या शेजारच्या काकू चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन बुधवारी संध्याकाळी पाचला गिरणीवर गेल्या. शटर खाली. भाजणी आदल्या रात्री भाजून, गार करून ठेवलेली, तळणाचं तेल आणलेलं, सुनेने रजा टाकलेली. काकूंनी तिथल्या तिथे फोन काढून निरोप पुन्हा वाचला. ‘उद्या दुपारनंतर गिरणी बंद राहील.’ म्हणजे गुरुवारी, असंच त्या समजून चालल्या होत्या. पण निरोप मंगळवारी रात्री पावणेअकराला सुटला होता आणि काकूंनी तो बुधवारी सकाळी चहाबरोबर वाचला. गिरणीवाल्याचा ‘उद्या’ आणि काकूंचा ‘उद्या’ यांत एका दिवसाचं अंतर पडलं.

दाराला चिकटवलेल्या कागदावर ‘उद्या’ लिहिण्याची सवय आपल्याला जुनी आहे, आणि तिथे ते एक वेळ खपतंही, कारण दुकानदार तो कागद दुसऱ्या दिवशी काढून टाकतो. व्हॉट्सअॅपवरचा निरोप मात्र कोण कधी उघडेल याचा नेम नाही. शिवाय तो पुढे ढकलला जातो. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांनी पोहोचलेला ‘उद्या’ कोणत्याच दिवसाचा राहत नाही. म्हणून तारीख आणि वार दोन्ही लिहायचे. एकात चूक झाली तर दुसऱ्यामुळे निदान वाचणाऱ्याला शंका येते आणि तो विचारतो.

सणाचं नाव लिहूनही भागत नाही. २०२५मध्ये अमावास्या २० आणि २१ ऑक्टोबर अशा दोन्ही दिवशी होती. देशात बऱ्याच ठिकाणी लक्ष्मीपूजन २०ला झालं, आपल्याकडच्या पंचांगांत ते २१ला होतं. आमच्या भागात मारवाडी, गुजराती, उत्तर भारतीय घरं बरीच आहेत. ‘लक्ष्मीपूजनाला बंद’ एवढंच लिहिलं असतं, तर निम्म्या गिऱ्हाइकांनी एक दिवस धरला असता आणि उरलेल्यांनी दुसरा.

काकूंचा किस्सा ऐकून गिरणीवाल्याने त्या वर्षी २०२५ची तयारी आधीच करायची ठरवली. त्याची खरी अडचण निरोपाच्या शब्दांच्याही आधीची होती. त्याच्याकडे सव्वातीनशे गिऱ्हाइकांचे नंबर होते. ग्रुप करावा तर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि वेळेच्या निरोपावर शुभेच्छांचे, फुलांचे, पणत्यांचे इतके थर बसतात की मूळ निरोप हाताला लागत नाही. ब्रॉडकास्ट यादीत तसं होत नाही. एकच निरोप प्रत्येकाला त्याच्या खासगी चॅटमध्ये स्वतंत्र जातो, आणखी कोणाला गेला ते कळत नाही, उत्तरही फक्त दुकानदाराला येतं. एका यादीत २५६ जणच बसतात, म्हणून त्याने दोन याद्या केल्या. एकीत घरगुती गिऱ्हाइकं, दुसरीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका. हे वाटप मला आवडलं, कारण दोघींचं वेळापत्रक वेगळं असतं. ऑर्डरवाल्यांना वीस-वीस किलो दळायचं असतं, त्यांना भल्या पहाटेची वेळ चालते.

एवढं करूनही पहिल्या चाचणीत साठ-सत्तर जणांना निरोप पोहोचलाच नाही. याचं कारण पुष्कळ दुकानदारांना माहीत नसतं. ब्रॉडकास्टचा निरोप फक्त अशाच माणसाला मिळतो, ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाचा नंबर साठवून उपयोग नाही. गिऱ्हाइकाने दुकानदाराचा साठवायला हवा. नसेल तर कुठे चूक दाखवणारी सूचना येत नाही, निरोप गुपचूप अडकून राहतो. तपासायचं कसं? पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून धरायचं आणि माहिती उघडायची. कोणाला पोहोचला, कोणी वाचला, याची नावं दिसतात. दोन दिवस उलटूनही ज्याचं नाव ‘पोहोचला’मध्ये नाही, त्याचा फोन बंद असेल किंवा, बहुतेक वेळा, नंबर साठवलेला नसेल. गिरणीवाल्याने नवरात्रापासून काट्याशेजारी पाटी लावली: ‘आमचा नंबर नावाने सेव्ह करा, दिवाळीच्या वेळा कळतील.’ डबा वजनाला ठेवला की तो पाटीकडे बोट दाखवायचा.

मग त्याने मला निरोपाचा मसुदा दाखवला. वर लक्ष्मीचं चित्र, खाली सोनेरी अक्षरांत शुभेच्छा, तळाला बारीक अक्षरांत वेळा. मी म्हटलं, “दादा, हे चित्र कोणी उघडणारच नाही. सणाला अशी पन्नास येतात.” फोनच्या पडद्यावर निरोपाची पहिली ओळ-दीड ओळच दिसते, तिथे ‘सर्व ग्राहकांना दीपावलीच्या हार्दिक’ एवढंच आलं, तर वाचणारा पुढे सरकतो. चित्रातली अक्षरं चॅटमध्ये शोधताही येत नाहीत. शेवटी साधा मजकूर ठरला तो असा:

‘पिठाची गिरणी, दिवाळीच्या बदललेल्या वेळा.
सोम. १३ ते रवि. १९ ऑक्टो. : सकाळी ७ ते रात्री १०, दुपारी सुरू.
भाजणी रोज फक्त दुपारी २ ते ६.
सोम. २० : सकाळी ८ ते दुपारी १.
मंगळ. २१, बुध. २२, गुरु. २३ : पूर्ण बंद.
शुक्र. २४ पासून नेहमीप्रमाणे.
अनारशाचे ओलसर तांदूळ आणण्याआधी फोन करा. शुभ दीपावली.’

भाजणीची वेळ वेगळी लिहायचं कारण गिरणीत आहे. गव्हाच्या पाठोपाठ भाजणी टाकली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. म्हणून तो गहू सकाळी उरकतो, दुपारी चक्की साफ करून भाजणीला लावतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून सावलीत अर्धवट सुकवलेले असतात. ते जात्याला चिकटतात म्हणून तो दिवसाच्या शेवटी घेतो, आणि ते घरी आणखी एक दिवस थांबले की आंबतात. नुसतं ‘सुरू’ आणि ‘बंद’ लिहून हे गिऱ्हाइकाला कळलं नसतं.

निरोप त्याने ११ तारखेला, शनिवारी सकाळी पाठवला. बायका किराण्याची यादी करतात तो दिवस. दुसरा, दोनच ओळींचा, रविवारी १९ला संध्याकाळी: ‘उरलेलं दळण सोम. २० दुपारी १ पर्यंत. नंतर थेट शुक्र. २४.’ याहून जास्त पाठवू नयेत. चौथ्या निरोपाला लोक आवाज बंद करतात, वैतागले तर ब्लॉक करतात. मधेच एक दुरुस्ती मात्र करावी लागली. १५ तारखेला मोटरचा पट्टा तुटला आणि दुपार गेली. जुना निरोप पुसण्यात अर्थ नव्हता, कारण पुढे गेलेल्या प्रती आपल्या हाताबाहेर असतात. त्याने नवा पाठवला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘दुरुस्ती : आज बुध. १५, भाजणी सायं. ६ ते १०.’

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून राहिली. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये त्याने ‘गिरणी सध्या बंद आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं होतं आणि ते काढायचं विसरला. तुळशीचं लग्न लागलं तरी, गिरणी धडधडत असताना, विचारणाऱ्याला ‘बंद’ असंच उत्तर जात होतं. असं उत्तर लावतानाच ते संपण्याची तारीख आणि वेळही घालता येते, ती त्याने घातली नव्हती.

काकूंची भाजणी या खेपेला गुरुवारी १६ला दुपारी तीनला दळून झाली. तुमच्या गिरणीवाल्याचा, डेअरीवाल्याचा, शिंप्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये नावानिशी आहे का, ते आजच बघा. नसेल तर त्यांनी कितीही नीट लिहिलं तरी ते तुमच्यापर्यंत येणार नाही.