पाच मिनिटांत विझणारा दिवा

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात फांदी तारांवर पडली, की वीज रात्रभर येत नाही. अशाच एका जूनमध्ये आत्याने माळ्यावरचा इमर्जन्सी दिवा खाली काढला आणि दिवसभर प्लगला लावून ठेवला. चार्जिंगचा लाल ठिपका नीट पेटत होता. संध्याकाळी वीज गेली, आत्याने खटका दाबला आणि स्वयंपाकघर लख्ख उजळलं. पण पाचव्या मिनिटाला उजेड मंद झाला आणि आमटीला फोडणी पडायच्या आत दिवा विझला. ‘‘दिवाच गेला रे, भंगारवाल्याला देऊन टाक,’’ आत्या म्हणाली.

दिवा गेला नव्हता, त्याची बॅटरी गेली होती. चार्ज न धरणाऱ्या बहुतेक इमर्जन्सी दिव्यांची हीच गोष्ट असते. आत एलईडीची पट्टी, चार्जिंगचं छोटं सर्किट, एक खटका आणि एक बॅटरी एवढाच संसार असतो. त्यातली एलईडी आणि सर्किट वर्षानुवर्षं टिकतात, बॅटरी मात्र दोन-चार वर्षांत थकते. ती काही शे रुपयांत बदलून मिळते.

आत्याच्या दिव्यात होती ती सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. मोठ्या, हातात धरायची मूठ असलेल्या दिव्यांत आजही हीच सापडते. आकार साधारण मोठ्या काडेपेट्यांच्या गठ्ठ्याएवढा, हाताला जड, आणि अंगावर छापलेलं असतं ‘६ व्होल्ट, ४.५ एएच’. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असतं. बॅटरी वापरली, की पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढतो. चार्ज केली, की तो पुन्हा विरघळतो. गडबड होते ती बॅटरी रिकामी करून तशीच ठेवून दिली तर. मऊ थराचे हळूहळू कठीण स्फटिक होतात, आणि मग चार्जरला ते फोडता येत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. शिवाय ही बॅटरी न वापरताही महिन्याला थोडी थोडी उतरत असते, आणि उकाड्यात जास्तच वेगाने. आत्याने दिवा दिवाळीनंतर माळ्यावर टाकला होता. कौलांखालचा एप्रिल-मेचा उकाडा सोसून तो जूनमध्ये खाली आला होता. बॅटरीला एवढं पुरतं.

याच्या उलट चूक शहरात जास्त दिसते. दिवा कायम प्लगलाच लावून ठेवतात. चार्ज पूर्ण झाल्यावर स्वतःहून थांबणारं सर्किट स्वस्त दिव्यांत नसतं, त्यामुळे बॅटरी महिनोन् महिने गरम होत राहते, आतला ओलावा आटतो आणि कधी कधी तिचं पोट फुगतं. पोट फुगलेली बॅटरी तपासत बसू नये, ती सरळ बदलावी.

तपासणी मात्र एकदा स्वतः केलेली बरी, कारण इथे मीटर सहज चकवतो. दिव्याचा प्लग काढून मागचे चार स्क्रू सोडवले. झाकण उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढले, म्हणजे कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत बसावं लागत नाही. दुकानात साध्या मल्टिमीटरला फारसे पैसे पडत नाहीत, तो मी डीसी २० व्होल्टवर ठेवला आणि बॅटरीच्या दोन्ही पत्र्यांना लावला. आकडा आला ६.४. धडधाकट बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर एवढंच दाखवते. इथे थांबलो असतो, तर बॅटरी चांगली आहे असं ठरवून सर्किटमागे लागलो असतो. मीटर तसाच लावून ठेवला आणि दिव्याचा खटका दाबला. आकडा लगेच ५.८ वर आला आणि बघता बघता ५.२ च्या खाली गेला. बॅटरीत ताकद आहे की नाही हे तिच्यावर भार पडल्यावरच कळतं. चांगली ४.५ एएचची बॅटरी एवढ्या दिव्याच्या ओझ्याखाली तासभर तरी ६ च्या वर राहायला हवी. ५.२५ म्हणजे तिचा तळ. त्याखाली दिवा जाळला, की बॅटरीचं आणखी नुकसान होतं.

आता चार्जर जिवंत आहे का ते पाहायचं. इथे सावध राहायला हवं. आत्याच्या दिव्यात लोखंडी गाभ्याचा, जड ट्रान्सफॉर्मर होता. त्याने घरची वीज वेगळी केलेली असते. मी बॅटरीच्या वायरी सोडवून बाजूला केल्या, मीटर त्यांना क्लिपने लावला, मग प्लग लावला आणि हात दूर ठेवून आकडा पाहिला. सात-आठ व्होल्ट दिसले, म्हणजे चार्जर चालू आहे. भार नसताना असा आकडा थोडा जास्तच दिसतो. पण हातात मावणाऱ्या लहान दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांत एक कपॅसिटर २३० व्होल्ट तसेच आतल्या सर्किटवर घेतो, आणि प्लग लावलेला असताना बॅटरीच्या वायरीलाही झटका बसू शकतो. असा दिवा उघडा असताना प्लगला लावूच नये. त्यात नवी बॅटरी घालून, झाकण बंद करूनच पाहावं.

बॅटरी घ्यायला जाताना जुनी सोबत नेली. दुकानदार वजनावरून आणि पत्र्यांवरून ओळखतो. ६ व्होल्टला ६ व्होल्टच हवेत. एएच थोडे कमी-जास्त चालतात, पण झाकण बंद झालं पाहिजे आणि पत्र्यांची जागा तीच हवी. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की ही बॅटरी दुकानाच्या मांडणीवरही म्हातारी होते. म्हणून मी उत्पादनाची तारीख पाहिली आणि तिथेच मीटर लावला. नवीन बॅटरी ६.२ च्या वर असायला हवी. पहिली ५.९ दाखवत होती, ती परत केली. दुसरीने ६.३ दाखवले, ती घेतली.

दुकानात एका गिऱ्हाइकाला दुकानदाराने ठासून नकार दिला होता, तो मला पटला. त्या गिऱ्हाइकाकडे लहान दिवा होता, आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड. घरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियम सेल पडले होते. ३.७ व्होल्टचा सेल ४ व्होल्टच्या जागी बसवला तर काय बिघडतं, असा त्याचा प्रश्न. बिघडतं ते असं. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला भरतो आणि त्यापुढे चार्जिंग थांबलंच पाहिजे. लेड-ॲसिडच्या चार्जरला मात्र ४ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला साधारण ४.८ पर्यंत जावं लागतं. तो सेलला ४.२ वर सोडणार नाही. जास्त भरलेला लिथियम सेल तापतो, फुगतो आणि पेट घेऊ शकतो, तेही रात्री, प्लगला लावून घरातले झोपलेले असताना. ज्या दिव्यात मुळात लिथियम सेल होता, त्यात तसाच लिथियम सेल घालावा. लेड-ॲसिडच्या जागी लेड-ॲसिडच. या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये.

बदलायचं काम दहा मिनिटांचं आहे. आधी प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री केली. मोठ्या बॅटरीवर वायरी चपट्या क्लिपने बसवलेल्या असतात, त्या पक्कडीने सरळ ओढून निघतात. वायरीला धरून ओढू नये, क्लिपला धरावं. एका वेळी एकच वायर काढायची आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्ही पत्र्यांना एकदम टेकू द्यायचा नाही, कारण एवढीशी बॅटरीही ठिणगी उडवून बोट भाजवते. एका क्लिपवर पांढरी भुकटी जमली होती. ते गळलेलं आम्ल. चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवला, हातमोजे घालून कापडाने पुसलं, फेस यायचा थांबला आणि मग कोरडं केलं. लहान दिव्यांत वायरी डाग देऊन जोडलेल्या असतात. ते डाग सोल्डरिंग आयर्नने लवकर काढावेत, फार वेळ ताप दिला तर बॅटरीचं प्लास्टिक वितळतं. लाल वायर लाल खुणेच्या पत्र्याला, काळी काळ्याला. उलटं झालं, तर एलईडी आणि सर्किट दोन्ही एकाच क्षणात जाऊ शकतात. म्हणून आधी काढलेला फोटो इथे कामाला येतो.

जुन्या बॅटरीची रबरी टोपणं उचकून आत डिस्टिल्ड वॉटर घालायचा उपाय बरेच जण करतात. आतला ओलावा आटलेला असेल, तर त्याने काही आठवडे बरं वाटतं. स्फटिक कठीण झालेले असतील, तर काही फरक पडत नाही, आणि आम्लाचा शिंतोडा डोळ्यात जाण्याची भीती मात्र राहते. मला ते पटत नाही.

झाकण लावून दिवा रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा तास चार्ज केला. मधूनमधून अंगाला हात लावून पाहिला. कोमट होता, चटका नव्हता. मग मीटरवर दिव्याला लागणारा प्रवाह पाहिला, तो अर्धा अँपिअर आला. ४.५ भागिले ०.५, म्हणजे कागदावर नऊ तास. पण ४.५ हा आकडा वीस तास हळूहळू उपसल्यावर मिळणारा असतो, जोरात उपसली तर बॅटरी कमीच देते. म्हणून मी साताची अपेक्षा ठेवली होती. संध्याकाळी सहाला लावलेला दिवा दीड वाजता मंद झाला. तिथेच बंद केला. साडेसात तास.

आत्याने बॅटरीच्या अंगावर मार्करने तारीख लिहायला लावली आणि खाली लिहिलं, ‘साडेसात तास’. आता ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दिवा एक रात्र प्लगला लावते आणि सकाळी काढते. तो माळ्यावर नाही, स्वयंपाकघराच्या फडताळात असतो. वापर झाला, की वीज येताच चार्जला.

उरली ती जुनी बॅटरी. आतल्या शिशामुळे ती कचऱ्यात टाकायची नाही, फोडायची नाही, जाळायची तर मुळीच नाही. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आमच्या दुकानदाराने जुनी ठेवून घेऊन नवीच्या किमतीत थोडे पैसे कमी केले. तुमची जुनी बॅटरी घेऊन जा आणि तो काय देतो ते विचारा.