पट्टा बुटाचा, मोजा पँटचा

नेव्ही ब्लू पँट आणि पांढरा शर्ट हा ऑफिसातला नेहमीचा वेश. तो नीटनेटका दिसतो की नाही, हे कमरेवर आणि घोट्यापाशी ठरतं. सोपा नियम असा: पट्टा बुटाशी जुळवायचा आणि मोजे पँटशी. या पँटखाली गडद तपकिरी बूट असतील, तर पट्टाही तपकिरीच हवा. छटा थोडी उन्नीस-बीस असली तरी चालते. पण चकचकीत बुटांबरोबर जीन्सचा जाड, खरखरीत पट्टा खटकतो. फॉर्मल पट्टा साधारण ३ ते ३.५ सेंटीमीटर रुंद असतो. तो मधल्या भोकात बसला, म्हणजे माप बरोबर.

मोजे नेव्ही ब्लूच घ्यावेत, हवं तर पँटपेक्षा किंचित गडद. मग पाय कमरेपासून बुटापर्यंत सलग दिसतो. पांढरे मोजे घातले, तर नजर नेमकी घोट्यावरच अडकते. आता खुर्चीत बसून पाहा. पँट वर सरकते आणि आखूड मोज्याच्या वर उघडी कातडी दिसते. म्हणून मोजा निदान अर्ध्या पोटरीपर्यंत यायला हवा. पँट काळी असेल, तर मात्र पट्टा, मोजे, बूट सगळं काळंच बरं.