रिंगफ्रेम दुरुस्त झाली की बदलली?

सूतगिरणीतल्या रिंगफ्रेमवर प्रत्येक स्पिंडलभोवती एक पोलादी कडे असते आणि त्या कड्यावरून ट्रॅव्हलर नावाची इवलीशी, काही मिलिग्रॅम वजनाची आकडी गरगर फिरत असते. स्पिंडल मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते, त्यामुळे ही आकडी कड्यावर सतत घासली जाते आणि काही आठवड्यांतच झिजते. झिजली की धागा तुटू लागतो, म्हणून फिटर ठरलेल्या वेळी सगळ्या ट्रॅव्हलर काढून नव्या बसवतो. रबरी कॉट घासून सारखे करावे लागतात, एप्रन बदलावे लागतात, बेअरिंग कुरकुरू लागले की तेही बदलावे लागते. हा सगळा खर्च गिरणीच्या हिशेबात त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. त्याला महसुली खर्च म्हणतात. त्याच गिरणीने नवी रिंगफ्रेम आणली तर तिची किंमत नफ्यातून एकदम वजा होत नाही. ती मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसते आणि घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे थोडी थोडी खर्ची पडते. तो भांडवली खर्च.

या विभागणीमागचे कारण सरळ आहे. या महिन्यातल्या ट्रॅव्हलरने या महिन्याचे सूत काढले आणि ती संपली. तिचा खर्च या वर्षीच्या विक्रीसमोरच ठेवायला हवा. रिंगफ्रेम मात्र वीस वर्षे सूत काढणार. तिची सगळी किंमत पहिल्याच वर्षाच्या माथी मारली तर त्या वर्षी गिरणी तोट्यात दिसेल आणि पुढची एकोणीस वर्षे फुकटच्या यंत्रावर चालल्यासारखी भासेल. ही दोन टोके कुणालाही पटतात. अडचण येते ती मधल्या खर्चांपाशी, जिथे जुन्या यंत्राला नवे भाग लागतात आणि यंत्र पहिल्यापेक्षा बरे चालू लागते.

इथे रक्कम मोठी की लहान हे बघून निकाल लावायची अनेकांना सवय असते. ती कसोटी नव्हे. आपल्याकडे या बाबतीत आजही आधाराला घेतला जाणारा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. 1956 मध्ये न्यू शॉरॉक गिरणीच्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी सांगितले की, चालू दुरुस्ती म्हणजे आधीपासून असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी, राखण्यासाठी केलेला खर्च. त्यातून नवी मालमत्ता उभी राहता कामा नये आणि नवा किंवा वेगळा फायदाही पदरात पडता कामा नये. म्हणजे काम संपल्यावर तिथे काय उभे आहे ते बघायचे. जे होते तेच पुन्हा कामाला लागले असेल तर दुरुस्ती. आधी जे जमत नव्हते ते आता जमू लागले असेल तर सुधारणा, आणि सुधारणा भांडवलात जाते.

पण "जे होते तेच" म्हणजे नेमके काय? मोटर जळाली आणि तिचे वाइंडिंग नव्याने भरले, तर मोटरच्या आतली तार सगळी नवी असते. तरीही रिंगफ्रेम तीच. याच न्यायाने एखादा गिरणीमालक म्हणेल की माझी गिरणी हेच एक यंत्र आहे, रिंगफ्रेम हा तिचा एक भाग, मी भाग बदलला. हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात खरोखरच झाला. सरवणा स्पिनिंग मिल्सने म्हटले की, ब्लोरूमपासून रिंगफ्रेमपर्यंत कापूस एका अखंड ओळीतून जातो, मधले एक यंत्र थांबले तर सूत निघत नाही, म्हणून सारी ओळ मिळून एक यंत्र. 2007 मध्ये न्यायालयाने हे नाकारले. कार्डिंगचे काम वेगळे, ड्रॉफ्रेमचे वेगळे, रिंगफ्रेमचे वेगळे. एकीचा माल दुसरीला लागतो म्हणून दोघी एक होत नाहीत. प्रत्येक यंत्र आपापल्या जागी स्वतंत्र आहे, तेव्हा जुनी रिंगफ्रेम काढून नवी आणणे ही चालू दुरुस्ती नव्हे.

मला हा निकाल योग्य वाटतो. गिरणीचे म्हणणे मान्य केले असते तर कुठल्याही कारखान्यातले प्रत्येक यंत्र एकेक करून "दुरुस्ती" म्हणून बदलता आले असते आणि घसाऱ्याचे कलम कागदावरच राहिले असते. खरा प्रश्न म्हणूनच खर्चाच्या आधी येतो: एकक कोणते? यंत्र म्हणून आपण कशाकडे बोट दाखवतो आहोत? ते पक्के झाले की पुढचे बरेचसे आपोआप सुटते.

याहून अवघड आणि माझ्या मते जास्त शिकवणारे प्रकरण त्याआधीचे, 1967 सालचे, महालक्ष्मी टेक्स्टाइल मिल्सचे. या गिरणीने जुन्या कताई यंत्रांवर कॅसाब्लांका पद्धत बसवली. त्यासाठी सुमारे 93 हजार रुपये लागले. रबरी एप्रन असलेले नवे रोलर आले, बॉल बेअरिंगच्या जॉकी पुली आल्या, स्पिंडल फिरवणाऱ्या दोरीच्या जागी टेप आली. ही पद्धत जुनीपेक्षा सुधारलेली होती, यात शंका नाही. छागलांची कसोटी वरवर लावली तर हा भांडवली खर्च. तरीही सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दुरुस्ती म्हणून मान्य केला. कारण वस्तुस्थिती अशी होती की यंत्रे अनेक वर्षे चाललेली, भाग झिजलेले आणि जुन्या घडणीचे भाग बाजारात मिळत नव्हते. भाग बदलणे भागच होते, आणि जे मिळत होते ते सुधारलेलेच होते. यंत्राचा मूळ सांगाडा बदलला नाही. चांगले चालणे हे दुरुस्तीच्या मागोमाग आले, त्यासाठी कुणी पैसे मोजले नव्हते.

सरवणाच्या निकालातही या प्रकरणाचा उल्लेख अपवाद म्हणून आहे: जुने भाग बाजारातून गेले असतील तर गोष्ट वेगळी. मात्र या वाटेवरून आज चालताना जपावे लागते. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 31 ला 2004 पासून एक स्पष्टीकरण जोडले गेले. चालू दुरुस्तीच्या नावाखाली भांडवली स्वरूपाचा खर्च धरता येणार नाही, असे त्यात म्हटले. त्यामुळे नुसते "दुरुस्ती झाली" म्हणणे पुरत नाही.

एक कल्पित उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, एका छोट्या सूत कंपनीचा या खर्चांआधीचा नफा 30 लाख रुपये आहे. तिने वर्षभरात ट्रॅव्हलर, कॉट, एप्रन आणि बेअरिंग यांवर 3 लाख घातले, मोटर रिवाइंडिंगवर 40 हजार, आणि एका चालू रिंगफ्रेमवर कॉम्पॅक्ट स्पिनिंगचा जोड बसवायला 20 लाख. हा जोड हवेच्या ओढीने तंतू घट्ट जुळवतो, धाग्यावरची लव कमी होते आणि सुताला चढा भाव मिळतो. जुने काही मोडले म्हणून तो बसवलेला नाही. आधी निघत नव्हते असे सूत काढायला तो आणला आहे, म्हणून भांडवली.

पहिले 3 लाख 40 हजार नफ्यातून सरळ वजा. वीस लाखांवर सर्वसाधारण यंत्रांचा 15 टक्के घसारा, म्हणजे पहिल्या वर्षी 3 लाख. नव्या यंत्राला काही वेळा मिळणारा जादा घसारा इथे बाजूला ठेवला आहे. करपात्र नफा 23 लाख 60 हजार. मालकाने सगळेच "मेंटेनन्स" मध्ये टाकले तर तो 6 लाख 60 हजार दिसेल. फरक 17 लाखांचा. 25 टक्के दराने त्या वर्षीचा कर सव्वाचार लाखांनी कमी. हा कर कायमचा वाचत नाही, कारण भांडवलात धरलेली रक्कमही घसाऱ्यातून हळूहळू मिळतेच. पण घसारा दरवर्षी उरलेल्या रकमेवर मोजतात: दुसऱ्या वर्षी 2 लाख 55 हजार, तिसऱ्या वर्षी सुमारे 2 लाख 17 हजार. पाच वर्षे संपली तरी जवळपास 8 लाख 87 हजार वहीत शिल्लकच असतात. हातात रोकड कमी असलेल्या छोट्या उद्योगाला हा उशीर फार जड जातो. म्हणूनच या वादात माणसे न्यायालयापर्यंत जातात.

तेच बेअरिंग, तोच फिटर, तरीही खर्चाची जागा बदलते असाही एक प्रसंग आहे. कंपनीने बंद गिरणीतून जुनी रिंगफ्रेम स्वस्तात आणली आणि चालू करण्याआधी तिची बेअरिंग, रोलर, पट्टे बदलले. ही दुरुस्ती वाटली तरी भांडवली धरली जाते, कारण यंत्र कामाच्या स्थितीत येईपर्यंतचा खर्च हा त्याच्या किमतीचाच भाग. स्वस्त मिळाली ती याच दुरवस्थेमुळे. वाहतूक आणि उभारणीचेही तसेच. ती एकदा सूत काढू लागली की पुढचे बेअरिंग महसुली.

हिशेबाची वही आणि कराचे विवरणपत्र इथे दरवेळी एकाच सुरात बोलतील असेही नाही. लेखामानकांप्रमाणे मोठा भाग बदलला, समजा भट्टीचे अस्तर ठरावीक तासांनंतर नवे घातले, तर तो खर्च मालमत्तेत जातो. मात्र जुन्या अस्तराची वहीत उरलेली किंमत त्याच वेळी काढून टाकावी लागते. हे काढणे विसरले जाते आणि मग ताळेबंदात भट्टीला दोन अस्तरे असल्यासारखे दिसते. भट्टीची क्षमता वाढली नाही म्हणून करासाठी तोच खर्च दुरुस्ती ठरू शकतो.

चुकीची नोंद दोन्ही दिशांनी होते. कर कमी भरायचा तर सुधारणेला दुरुस्ती म्हणतात. बँकेला नफा भरघोस दाखवायचा तर दुरुस्तीला मालमत्ता म्हणतात. दुसरा प्रकार ओळखायला सोपा असतो: यंत्रांची किंमत दरवर्षी फुगत जाते, पण स्पिंडलची संख्या तीच, सूत तेवढेच, आणि दुरुस्तीचा खर्च संशय यावा इतका कमी. पहिल्यात एखाद्या वर्षी दुरुस्तीचा आकडा एकदम उसळतो आणि पुढच्या वर्षी विक्रीचा भाव किंवा उत्पादन वाढलेले असते.

सगळ्यात जास्त वाद "रिंगफ्रेम ओव्हरहॉलिंग, 23 लाख 40 हजार" अशा एका ओळीच्या बिलातून उपजतात. त्यातली ट्रॅव्हलर कुठली आणि कॉम्पॅक्टचा जोड कुठला हे अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो, आणि सगळे बिल भांडवली धरायला त्याला निमित्त मिळते. कामाचे सुटे तपशील बिलावरच लिहून घ्यावेत. जुना भाग का काढला याची मेंटेनन्स रजिस्टरात नोंद असावी, पुरवठादाराचे "हा भाग आता बनत नाही" असे पत्र असेल तर तेही जोडावे. आणि कामाच्या आधीचे व नंतरचे दर स्पिंडलचे उत्पादन शेजारी शेजारी ठेवावे, कारण कर-अधिकारी पहिल्यांदा तेच मागतो.